दही-लिंबात रातभर ठेवलेलं चिकन लगदा काऊन झालं?

धुऱ्यावरचा
मंडळी, एक गोष्ट इचाराची आहे. पोळ्याच्या करीला मटन झालं, मंग पुढच्या रविवारी पुण्याचे भाचे येणार होते म्हनून वावरात टिक्का कराचं ठरवलं. शनिवारी चार वाजता गावातून 4 किलो बोनलेस आणलं, ब्रेस्टचं. बायकोनं घरचं म्हशीचं दही टाकलं दीड किलो, 8 लिंबं पिळली, अद्रक-लसूण ताजंच वाटलेलं, मीठ, तिखट, हळद. मी म्हनलं रातभर मुरू दे, जितकं मुरंल तितकं नरम. फ्रीजमधे ठेवलं. दुसऱ्या दिवशी एक वाजता सळईत टोचाले घेतलं तं टोचताच येईना, सळई आरपार जाऊन तुकडा खाली. जे टोचल्या गेलं ते निखाऱ्यावर गरम झालं की फाटून आगीत. निम्मं गेलं. जे ताटात आलं ते वरून पिठावानी अन् आतून कोरडं. पोट्ट्यांनी खाल्लं बिचाऱ्यांनी, पन मले लय वाईट वाटलं.

चिकन ताजं होतं, माह्या समोर कापलं. मंग झालं काय? दही जास्त झालं का लिंबू का टाइम? पुढच्या म्हयन्यात परत येनार आहेत ते.

सांबारवडी
भाऊ 4 किलोले 8 लिंबं! अन् वरून दही बी. इतक्यात तं लोणचं होते.

कापूसवाला_अकोट
यात नवल काय, लिंबानं मांस शिजते. आगीशिवाय शिजते. म्हणून तुमचं आधीच शिजून गेलं अन् निखाऱ्यावर दुसऱ्यांदा शिजलं. जितकं जास्त ॲसिड तितकं जास्त नरम, हा सरळ हिशोब आहे, तुमी फक्त लवकर काढाले पायजे होतं.

भाकर_तुकडा
आमच्याकडं बी दह्याचं होते ना पन रश्श्यात टाकलं का फाटते. गोळे गोळे होतात अन् वर पाणी सुटते. यावर काही उपाय आहे का? गॅस बारीक करूनच टाकते मी.

वर्धा_रोड
माझा हायवेवर छोटा ढाबा आहे, 14 वर्षं तंदूर मीच चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कापूसवाला भाऊंचं अर्धं बरोबर आहे. लिंबानं मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं, हे खरं. पण ते शिजणं नाही, त्यानं जंतू मरत नाहीत, ते कच्चंच समजायचं. आणि "जास्त ॲसिड तितकं नरम" हे तर चूक आहे. मांस म्हणजे सुताच्या लडी समजा, एकीला एक चिकटलेल्या, मधे पाणी धरून ठेवलेलं. आंबट थोडं लागलं की सूत जरा उलगडतं, वरचा थर नरम होतो, मसाला बसतो. अजून राहिलं की तेच सूत आवळतं आणि पाणी सोडून देतं. तुम्ही भांड्याच्या तळाशी पाणी पाहिलं असेल, धुऱ्यावरचा भाऊ? ते दह्याचं पाणी नुसतं नव्हे, चिकनचं पण होतं. म्हणून आतून कोरडं लागलं. आणि मग त्याच्याही पुढं गेलं की लडी एकमेकीला धरून ठेवणारी जी जाळी असते ती सैल पडते, वरचा थर सुटतो, बोटानं चोळला की पीठ. तुमच्याकडं दोन्ही गोष्टी एकाच तुकड्यात झाल्या.

आता तुकड्याचा हिशोब बघा, हा कोणी करत नाही. आंबट आत फार जात नाही, रातभरात काही मिलिमीटर. समजा 3 मिलिमीटर धरा. तुमचा तुकडा 3 सेंटिमीटरचा असेल तर सगळ्या बाजूंनी 3 मिलिमीटर गेलं की आत चांगला राहिलेला गाभा 2.4 सेंटिमीटरचा. म्हणजे जवळपास अर्धं चिकन त्या खराब थरात. 2 सेंटिमीटरचे बारीक तुकडे केले असतील तर दोन तृतीयांश गेलं. आणि तेच हाडासकट पूर्ण लेग असता तर कातड्याखालचा थोडाच भाग बिघडला असता, कोणाच्या लक्षातही आलं नसतं. म्हणून "आमच्या घरी रातभर ठेवतात, काही होत नाही" असं म्हणणाऱ्याला पहिले विचारा की पीस केवढा होता.

भाकर_तुकडा ताई, रश्श्याचं वेगळं आहे, दह्यात चमचाभर बेसन फेटून टाका, फाटणार नाही. मूळ प्रश्न तो नाही म्हणून इथंच थांबतो.

धुऱ्यावरचा
हाव, पाणी होतं, गंजभर होतं. अन् तुकडे आमी बारीकच केले होते, पोट्ट्यांच्या घासाचे. आता समजून रायलं. पन मंग लिंबू जास्त का दही जास्त?

मोहफूल
लिंबू. लिंबाचा रस दह्यापेक्षा खूपच आंबट असतो. मी कॉलेजात लॅब असिस्टंट होते, तिथं पीएचच्या पट्ट्या असायच्या, त्यातल्या उरलेल्या घरी आहेत. ताज्या दह्याला साधारण साडेचार येतो, लिंबाला दोन-अडीच. आकडा एकनं उतरला की ताकद दहापट होते, म्हणजे लिंबू शंभरपटीच्या आसपास. जिभेला इतका फरक कळत नाही कारण आपण लिंबू कशात तरी मिसळूनच खातो.

पण दही पण कमी नाही हो दादा. घरचं म्हशीचं, किती दिवसांचं होतं?

धुऱ्यावरचा
तीन दिवसांचं. जरा आंबट झालं होतं म्हनूनच वापरलं ना ताई, नाईतर वाया गेलं असतं.

आजीचा_वरवंटा
मी सहमत नाही. माझी आजी दारव्ह्याकडची. ती कोंबडं कापलं की आंबट दह्यात संध्याकाळीच घालून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चुलीवर चढवायची. फ्रीज नव्हता काही नव्हतं. कधी लगदा झाला नाही, उलट दोन तास शिजवायला लागायचं. तेव्हा ॲसिडला दोष देऊ नका, आजकालच्या कोंबड्यातच दम नाही.

वर्धा_रोड
आजींची गोष्ट खरी आहे, पण कोंबडं बघा ना ताई. ब्रॉयलर 40 दिवसांच्या आसपास कापतात, ते कोवळंच असतं, त्याला नरम करायची गरजच नाही. गावरान कोंबडं धावून-पळून मोठं झालेलं, त्यातली जाळी घट्ट. रातभर दह्यात ठेवून ती सुटत नाही, ती सुटते मंद आचेवर दोन तास शिजवल्यावरच. म्हणजे आजींना नरम चुलीनं दिलं, दह्यानं चव दिली. आणि हिवाळ्यातलं असेल तर रात्री घर पण थंड.

तरी फ्रीजशिवाय रातभर ठेवणं आज मी कोणाला सांगणार नाही.

आजीचा_वरवंटा
हिवाळ्यातच करायची, ते बरोबर आहे. पण दह्यानं काहीच होत नव्हतं हे मी मानणार नाही, एकदा दही न घालता केलं होतं तर आजोबांनी दात दुखतात म्हणून ताट सरकवलं होतं.

सांबारवडी
आजोबांले धुऱ्यावरच्या भाऊचा टिक्का द्याले पायजे होता, दाताचं कामच नाई.

उमरखेडचा_पाहुणा
एक विचारतो. लाइट गेली होती का त्या रात्री? कारण आमच्याकडं त्या आठवड्यात रोज रात्री जात होती.

धुऱ्यावरचा
गेली होती. अकरा ते चार. तुमाले कसं समजलं!

उमरखेडचा_पाहुणा
कारण चिकन नुसतं ॲसिडनं नाही, वेळेत गरम पण झालं असेल. फ्रीज बंद ठेवला तर चारेक तास थंडी टिकते, पण मधात पाण्याची बाटली काढायला दोनदा उघडला की संपलं. आणि दही गरमीत अजून आंबत राहतं, आपण रात्री लावलेलं सकाळी कसं लागतं तसंच. म्हणजे तुम्ही शनिवारी जितकं आंबट टाकलं होतं त्यापेक्षा रविवारी जास्त आंबट होतं.

मोहफूल
हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण एक सांगते, दादा, हे लगदा होण्यापेक्षा मोठं आहे. आंबट आहे म्हणून चिकन टिकतं असं अनेकांना वाटतं, ते खरं नाही, इतक्या आंबटपणानं चिकनवरचे जंतू मरत नाहीत. कच्चं चिकन बाहेरच्या गरमीत दोन तासांवर ठेवूच नये. लगदा आणि सडणं यातला फरक ओळखा. ॲसिडनं गेलेलं चिकन पांढरट, चमक गेलेलं, वास आंबट पण स्वच्छ, दाबलं की भुरभुरतं. सडलेलं चिकन बुळबुळीत, बोटाला तार येते, वास नाकाला बोचतो, रंग करडा-हिरवट. पण मसाला चोळलेला असला की ना वास कळत ना रंग. म्हणून इतका वेळ लाइट गेली आणि चिकन हाताला गार लागत नसेल तर फेकून द्यायचं, चाखून बघायचं नाही.

धुऱ्यावरचा
कोनाले काही झालं नाई देवाच्या कृपेनं. पन हे ध्यानात ठेवतो ताई. सकाळी पायलं तेव्हा भांडं गारच होतं, बर्फाचा डबा वर होता म्हनून असंल.

कापूसवाला_अकोट
मी अजून म्हणतो, कच्ची पपई लावायची. दही-लिंबू सोडून द्या. आमच्याकडं मटनाला पपईच लावतात.

वर्धा_रोड
भाऊ, पपईचं काम वेगळं. तिच्यातला चीक मांसाचे धागेच कापतो, ॲसिडसारखं आवळणं-उलगडणं नाही. म्हाताऱ्या बकऱ्याच्या मटनाला चमचाभर, एक-दीड तास, तिथं चालते. ब्रॉयलर ब्रेस्टला लावली आणि पाहुण्यांची वाट बघत बसलात तर धुऱ्यावरच्या भाऊंपेक्षा वाईट हाल. मी एकदा 10 किलो घालवलं आहे, नवीन पोऱ्यानं पपई वाटून वाटीभर टाकली होती आणि मी लग्नाला गेलो होतो.

आणि ताज्या अद्रकातही थोडं तसंच असतं बरं का. बाटलीतल्या पेस्टीत नाही राहत फारसं, पण घरी वाटलेल्यात असतं.

मोहफूल
अद्रकाचं मी पण वाचलं आहे. पण त्यानं किती फरक पडतो हे बघायचं होतं म्हणून नाही, दादांच्या प्रश्नासाठी मी काल-आज घरी करून पाहिलं. एक किलो ब्रेस्ट, सगळे तुकडे जवळपास 3 सेंटिमीटर, चार वाट्यांत पाव-पाव किलो. प्रत्येकीत मीठ सारखं, सपाट पाऊण चमचा. पहिलीत फक्त मीठ. दुसरीत 50 ग्रॅम दही, कालचं, आंबट नाही. तिसरीत अर्ध्या लिंबाचा रस. चौथीत दोन्ही. सगळं फ्रीजमधे, आणि दर वेळी दोन-दोन तुकडे काढून तव्यावर थेंबभर तेलात भाजले.

एका तासानं लिंबाच्या वाटीत तुकड्यांच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या, भाजल्यावर छान लागले, सगळ्यात चविष्ट तेच. दह्याचे आणि मिठाचे जवळपास सारखे.

चार तासांनी लिंबाचे पूर्ण पांढरे. तव्यावर टाकले तर पाणीच पाणी सुटलं, भाजण्याऐवजी उकडले, चावायला रबरासारखे. म्हणजे लिंबानं नरम व्हायच्या आधी कडक झाले! दह्याचे चार तासांनी उत्तम. दही-लिंबाचे पण ठीक होते, लिंबापेक्षा बरे, मला वाटतं दह्यानं लिंबाची धार कमी केली असावी.

बारा तासांनी लिंबाच्या तुकड्याचा वरचा थर नखानं खरवडला की भुसा निघत होता. दही-लिंबाचा मऊ, पण पलटताना तुटला. दह्याचा मात्र अजून चांगला.

वीस तासांनी दह्याच्या वाटीतही वरून जरा गिचका. दही-लिंबाचा उचलतानाच दोन तुकडे झाले, तुमच्यासारखं. आणि नुसत्या मिठाचा? तो सगळ्यात रसाळ. हे मला अपेक्षित नव्हतं.

भाकर_तुकडा
म्हणजे आपण इतके वर्षं रसाळ होतं म्हणून दही घालत होतो ते काम मिठाचं होतं?

मोहफूल
बरंचसं हो, असं मला वाटायला लागलं आहे ताई. मीठ हळूहळू आतपर्यंत जातं आणि पाणी धरून ठेवतं. दही वर बसतं, मसाला चिकटवून ठेवतं, भाजताना तो सुंदर रंग देतं. काही लोक म्हणतात दह्यातल्या कॅल्शियमनं पण मांस नरम होतं, त्यावर मी काही बोलत नाही, माझ्या चार वाट्यांतून ते कळणार नाही.

आजीचा_वरवंटा
गावरान कोंबड्यावर हाच प्रयोग करा मग मान्य करीन.

मोहफूल
कोंबडं तुमी पाठवा, वाट्या माझ्या.

वर्धा_रोड
मोहफूल ताई, फार छान केलं. ढाब्यावर आम्ही म्हणूनच दोन वेळा लावतो. 1 किलो बोनलेसला सांगतो. तुकडे मोठे, 4 सेंटिमीटरचे तरी. पहिल्यांदा एका लिंबाचा रस, दोन सपाट चमचे मीठ, लाल तिखट, अद्रक-लसूण. अर्धा तास, घड्याळ लावून. मग जे पाणी सुटलं ते पूर्ण निथळून, तुकडे हातानं हलके दाबून काढायचे. ही पायरी लोक गाळतात, आणि तेच आंबट पाणी रातभर चिकनसोबत राहतं. मग दुसऱ्यांदा 150 ग्रॅम चक्का, फडक्यात टांगून पाणी काढलेलं ताजं दही, दोन मोठे चमचे मोहरीचं नाहीतर शेंगदाण्याचं तेल, गरम मसाला, कसुरी मेथी. दोन चमचे भाजलेलं बेसन टाकलं तर मसाला सळईवरून गळत नाही. असं फ्रीजमधे चार ते सहा तास. सकाळी आठला लावलं की दुपारी एकला आगीवर. रातभर ठेवायचंच असेल तर लिंबू अजिबात नको, भाजून झाल्यावर वरून पिळा, चव तिथंच जास्त येते.

भांडं स्टीलचं नाहीतर काचेचं. जर्मनचं नको, कलई नसलेलं पितळ तर नकोच, आंबट लागलं की धातूचा उतार येतो चवीत.

कापूसवाला_अकोट
जर्मनच्या गंजात आमी कायम करतो.

वर्धा_रोड
रश्शाला अर्धा तास चालून जातं भाऊ. आंबटात रातभर नका ठेवू, गंजाला आतून बारीक खड्डे पडतात ते पायलं असंल.

कापूसवाला_अकोट
ते पायलं आहे खरं.

उमरखेडचा_पाहुणा
ज्यांचं होऊनच गेलं त्यांनी काय करायचं? 2 किलो लगदा असा कुत्र्याला टाकवत नाही.

भाकर_तुकडा
खिमा करा. चिकन गार राहिलं असेल तरच. सगळं पाणी पिळून काढायचं, सुरीनं बारीक करायचं, भाजलेल्या डाळव्याचं पीठ, कांदा पिळून, हिरवी मिरची, सांबार भरपूर. वड्या थापून तव्यावर. आंबट लागतं म्हणून वेगळं लिंबू नको. माझ्या सासूबाईंनी असंच वाचवलं होतं एकदा, पाहुण्यांना कळलंही नाही. आतपर्यंत पूर्ण शिजलं पाहिजे, गुलाबी राहता कामा नये.

धुऱ्यावरचा
हे त्या दिवशी माहीत असतं तं. असो.

धुऱ्यावरचा (22 दिवसांनी)
भाचे येऊन गेले. सांगाले परत आलो.

3 किलो घेतलं, तुकडे कापनाऱ्याकडूनच मोठे करून आनले. वर्धा रोडवाल्या भाऊनं सांगितलं तसं सकाळी साडेसातले पहिला हात, 3 लिंबं, मोबाइलात अर्ध्या तासाचा अलार्म. पाणी निथळलं तं वाटीभर निघालं, ते पाहूनच बायको म्हने मागच्या वेळेस हेच रातभर होतं त्यात. मंग चक्का. चक्का कराले रातीच दही टांगलं होतं, ताजं लावलेलं. बारा वाजता सळईत टोचलं तं एक तुकडा घसरला नाई. निखारे जरा जास्तच होते म्हनून दोन सळया काळ्या झाल्या, ती चूक माही.

एकच झालं, ब्रेस्टचे तुकडे चांगले झाले पन मधात एक किलो लेगचं बोनलेस बी घेतलं होतं ते जास्त चांगलं लागलं, रसाळ. सारखाच मसाला, सारखाच टाइम. हे काऊन?

वर्धा_रोड
लेगमधे चरबी आणि जाळी दोन्ही जास्त, आगीवर मिनिटभर जास्त राहिलं तरी कोरडं पडत नाही. ब्रेस्टला ती सवलत नाही. पुढच्या वेळी सगळं लेगचंच घ्या, आणि ते ब्रेस्टपेक्षा दोन तास जास्त मुरवलं तरी सांभाळून घेतं.

आजीचा_वरवंटा
मोहफूल, कोंबडं मिळालं आहे, दीड वर्षाचं. यवतमाळला कोणी येणार असेल तर पाठवते.

मोहफूल
शनिवारी माझा भाऊ येतोय. जिवंत पाठवू नका, कापून बर्फात घालून द्या.